हातात एक लाख हवे असतील, तर पगार किती मागायचा?

आजचा विषय छोटा आहे, पण नोकरी बदलणाऱ्या प्रत्येकाला त्यातून जावं लागतं. आपल्याला महिन्याला खात्यात अमुक रक्कम जमा व्हायला हवी आहे. मग कंपनीकडे पगार किती मागायचा? पगारावरून हातात किती येतं हे सांगणारे बरेच जण भेटतात. मी गेली बरीच वर्षं लोकांच्या पगाराचे हिशेब करतो, आणि माझा अनुभव असा की उलटा हिशेब विचारला की चांगले शिकलेले लोकही अंदाजाने बोलतात.

एक उदाहरण घेऊन बोलू, म्हणजे हवेत राहणार नाही. आमच्या शेजारची मुलगी, पुण्यात नोकरी करते. घराचं कर्ज मंजूर झालेलं, हप्ता ठरलेला, आईच्या औषधांचा खर्च ठरलेला. तिने कागदावर मांडून काढलं होतं की हातात महिना एक लाख आले तरच हे सगळं जमतं. नवी कंपनी विचारत होती, "अपेक्षा किती?" तिने सांगितलं, "तेरा लाख." तिचा विचार असा, की बारा महिन्यांचे बारा लाख आणि वर एक लाख कापाकापीला. पत्र आलं, सही करायच्या आदल्या रात्री ती ते घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, एकदा बघून द्या ना, एक लाख येतील ना हातात?"

मी म्हटलं, "अगं, हे तेरा लाख कसले आहेत ते आधी बघू."

ते सीटीसी होते. सीटीसी म्हणजे कंपनीला तुम्ही वर्षाला केवढ्याला पडता तो आकडा. त्यात तुमचा ग्रॉस पगार असतो, पण शिवाय कंपनी तुमच्या पीएफमध्ये स्वतःचा वाटा भरते तोही असतो, आणि बऱ्याच ठिकाणी ग्रॅच्युइटीची तरतूदही असते. ही शेवटची दोन कामं तुमच्या पगारपत्रकात येतच नाहीत. म्हणजे कात्री लागायच्या आधीच आकडा लहान झालेला असतो.

तिच्या पत्रात बेसिक ग्रॉसच्या निम्मा होता. पीएफ पूर्ण बेसिकवर 12 टक्के, म्हणजे ग्रॉसच्या हिशेबात 6 टक्के. कंपनीचा वाटा तेवढाच, आणखी 6 टक्के. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे ग्रॉसच्या साधारण 2.4 टक्के. तर सीटीसी म्हणजे ग्रॉसच्या 1.084 पट. तेरा लाखांना त्याने भागलं की ग्रॉस निघतो जवळपास 11,99,200. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ गेला 71,950. महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला 2,500, अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300. आयकर शून्य, तो का, ते पुढे येईल. उरले 11,24,755. बाराने भागा: सरासरी 93,730.

म्हणजे एक पैसा आयकर न भरताही महिना सव्वासहा हजार कमी. हप्ता तर कमी होणार नव्हता.

आता उलट्या दिशेने जाऊ. इथे पहिली चूक होते ती टक्क्यांची. लोक म्हणतात, 6 टक्के पीएफ जातो ना, मग एक लाखावर 6 टक्के चढवा, 1,06,000 मागा. पण पीएफ कापला जातो तो मोठ्या रकमेतून, आपल्या एक लाखातून नव्हे. 1,06,000 चे 6 टक्के 6,360 होतात, उरतात 99,640. चढवायचं नसतं, भागायचं असतं. 6 टक्के गेल्यावर 94 टक्के उरतात, म्हणून हव्या असलेल्या रकमेला 0.94 ने भागायचं. भाजी निवडताना निम्मी फुकट जात असेल तर एक किलोसाठी दीड किलो घेऊन भागत नाही, दोन किलो घ्यावी लागते, तसंच हे.

तर वर्षाचा हिशेब करू. हातात 12,00,000 हवेत, व्यवसाय कराचे 2,500 त्यात मिळवले, 12,02,500. भागिले 0.94. उत्तर 12,79,255. आयकर नसता तर एवढा ग्रॉस पुरला असता.

आता आयकर. मी नव्या करप्रणालीबद्दल आणि आर्थिक वर्ष 2025-26 च्या दरांबद्दल बोलतोय, कारण ती मुलगी त्यातच होती. पगारदाराला 75,000 ची प्रमाणित वजावट मिळते. नव्या प्रणालीत स्वतःच्या पीएफची वजावट नाही, व्यवसाय कराचीही नाही. ग्रॉसमधून 75,000 वजा केले की तिचं करपात्र उत्पन्न झालं. त्यातले पहिले 4 लाख करमुक्त, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्के. म्हणजे 12 लाखांवर कर होतो 20,000 आणि 40,000 मिळून 60,000. पण करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या आत असेल तर हा सगळा कर कलम 87अ खाली माफ होतो. म्हणून 12,75,000 ग्रॉसपर्यंत पगारावर आयकर शून्य. वर तिचा कर शून्य आला तो यामुळे.

आणि आपला आकडा आला होता 12,79,255. सीमा ओलांडली ती फक्त 4,255 रुपयांनी!

इथे दोन माणसं दोन प्रकारे चुकतात. एक म्हणतो, चार हजार वर गेलं म्हणून आता पूर्ण 60,000 कर बसणार. तसं होत नाही. कायद्याने सीमांत सवलत ठेवली आहे: 12 लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर लागत नाही. 4,255 वर गेलं तर कर 4,255. दुसरा माणूस हे ऐकून निर्धास्त होतो, की म्हणजे तोटा तर नाही. तोही चुकतो. कारण त्या करावर 4 टक्के उपकर आहे, आणि वाढलेल्या ग्रॉसवर 6 टक्के पीएफही कापला जातो. थोडक्यात, त्या पट्ट्यात ग्रॉस 100 रुपयांनी वाढला की 104 करात जातात, 6 पीएफमध्ये जातात, आणि हातात येणारी रक्कम 10 रुपयांनी कमी होते. पगार वाढतो आणि खात्यातली जमा घटते. मी हे सभेत सांगितलं की हमखास कुणीतरी हसतं, पण कागदावर करून बघा.

12,75,000 ग्रॉसला काय होतं? पीएफ 76,500, व्यवसाय कर 2,500, आयकर शून्य. हातात 11,96,000, म्हणजे महिना सरासरी 99,667. एक लाखाला 333 रुपये कमी. आता तेवढेच 333 भरून काढायला किती मागायचं? सीमेच्या पुढे उतार लागतो. तो कुठे संपतो? नेहमीच्या दराने होणारा कर जिथे 12 लाखांवरच्या रकमेएवढा होतो तिथे. 12 ते 16 लाखांचा दर 15 टक्के. म्हणजे वरची रक्कम क्ष धरली तर 60,000 अधिक 0.15 क्ष बरोबर क्ष. क्ष येतो 70,588. ग्रॉसमध्ये बोलायचं तर 13,45,588 पर्यंत हा उतार आहे. तळाशी पोचल्यावर हातात महिना 99,078 येतात. तिथून पुढे चढ सुरू होतो.

चढावरचा हिशेब मात्र सरळ आहे. प्रत्येक जादा 100 रुपये ग्रॉसमधून 6 पीएफला, 15 करात आणि करावरचा उपकर धरून 15.60, उरतात 78.40. पूर्ण समीकरण असं मांडतात. ग्रॉसला ग म्हणू. पीएफ गेल्यावर 0.94 ग. त्यातून 2,500. त्यातून कर, म्हणजे 60,000 चे उपकरासह 62,400, आणि 12,75,000 च्या वरच्या रकमेचे 15.6 टक्के. हे सगळं सोडवून एका ओळीत आणलं की वर्षाला हातात येणारी रक्कम होते 0.784 ग अधिक 1,34,000. ती 12,00,000 हवी आहे. म्हणून ग बरोबर 10,66,000 भागिले 0.784, म्हणजे 13,59,694.

उत्तर आलं म्हणून थांबायचं नाही. ते ज्या टप्प्याचं समीकरण वापरलं त्याच टप्प्यात पडतं का हे बघायचं. 13,59,694 हे 13,45,588 च्या वर आणि 16,75,000 च्या खाली आहे, तेव्हा चाललं. 16,75,000 च्या वर उत्तर आलं असतं तर 20 टक्क्यांचा टप्पा घेऊन नवं समीकरण मांडावं लागलं असतं. उलट्या हिशेबाची सगळी मेख एवढीच आहे: टप्पा गृहीत धरा, सोडवा, आणि उत्तर त्या टप्प्यात बसतं का तपासा.

ताळा करून बघू, महिन्याचा. ग्रॉस 1,13,308. पीएफ 6,798. आयकर 6,301. व्यवसाय कर 200. हातात एक लाखाच्या वर आठ-नऊ रुपये. फेब्रुवारीत 100 रुपये कमी.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. 99,667 हातात येण्यासाठी वार्षिक ग्रॉस 12,75,000 पुरतो. एक लाखासाठी 13,59,694 लागतो. महिन्याच्या 333 रुपयांसाठी वर्षाला जवळपास 85,000 जादा मागायचे! आणि 13,59,694 ग्रॉसचं सीटीसी होतं सुमारे 14,74,000. ती सांगून आली होती 13 लाख.

तिच्या मैत्रिणीने तिला फोनवर सल्ला दिला होता, "ग्रॉस तेरा-वीस माग, होऊन जाईल." 13,20,000 म्हणजे बरोबर उताराच्या मधोमध. पीएफ 79,200, आयकर उपकरासह 46,800. हातात सरासरी 99,292. म्हणजे 12,75,000 वाल्यापेक्षा महिना पावणेचारशे कमी. तुम्ही नोकरीच्या बोलणीत असाल आणि ग्रॉस या पट्ट्यात, म्हणजे पावणेतेरा लाख ते साधारण 13,54,600 च्या मध्ये ठरत असेल, तर लक्षात असू द्या: पीएफ तुमच्या पत्रकात पूर्ण बेसिकवर असेल तर या सगळ्या पट्ट्यात हातात 12,75,000 पेक्षा कमीच येणार. पीएफची रक्कम थोडी वाढेल, ती आपलीच आहे, हे खरं. पण हप्ता पीएफमधून जात नाही.

मग तिने काय करायचं? कंपनी 14,74,000 देणार नव्हती, हे तिला माहीत होतं. मी तिला विचारलं, "पीएफ पूर्ण बेसिकवरच कापायचा असं कुठे ठरलंय?"

कायद्यात पीएफसाठी वेतनाची मर्यादा महिना 15,000 रुपये आहे. 15,000 चे 12 टक्के 1,800. बऱ्याच कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ कापतात, काही सगळ्यांचा 1,800 वरच थांबवतात, आणि काही रुजू होताना विचारतात, तुम्हाला कोणतं हवं. तिच्या पत्रासोबतच्या कागदांत असा पर्याय होता, तिने वाचला नव्हता. कोण वाचतं!

1,800 चा पर्याय घेतला तर तेच 13 लाख सीटीसी कसं वागतं बघा. कंपनीचा वाटाही वर्षाला 21,600 वर येतो, आणि उरलेली रक्कम ग्रॉसमध्ये सरकते. ग्रॉस होतो सुमारे 12,48,375. अजून 12,75,000 च्या आतच, म्हणून आयकर शून्य. त्यातून पीएफ 21,600 आणि व्यवसाय कर 2,500 गेले. हातात महिना सरासरी 1,02,023.

तेरा लाखच. आधी 93,730 येत होते, आता 1,02,023.

पण हे आकाशातून पडलेले पैसे नाहीत, आणि हे मी तिला त्याच रात्री सांगितलं. आधीच्या पद्धतीत तिचे आणि कंपनीचे मिळून वर्षाला सुमारे 1,43,900 भविष्य निर्वाह निधीच्या खात्यांत जात होते. त्यातले कंपनीच्या वाट्यातले महिना 1,250 पेन्शनकडे जातात, ते वेगळं. नव्या पद्धतीत जातील फक्त 43,200. म्हणजे हातातली रक्कम वर्षाला साडेनव्याण्णव हजारांनी वाढली आणि बचत एक लाखाने घटली. थोडा फरक राहतो तो ग्रॅच्युइटीचा. पीएफवर 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज होतं, आणि तेही तिच्यासारख्यांना करमुक्त. असं व्याज बँकेच्या ठेवीत मिळवून दाखवा. म्हणून ज्याला हातात पैसे लागत नाहीत त्याने पूर्ण बेसिकवरच पीएफ ठेवावा असं माझं मत आहे. तिला मात्र लागत होते.

हे घरी करून बघायचं असेल तर संगणकावर सहा ओळींचा तक्ता पुरतो. `B1` मध्ये वार्षिक ग्रॉस टाका, बाकी असं:

```
B2  =0.06*B1
B3  2500
B4  =B1-75000
B5  =IF(B4<=1200000,0,1.04*MIN(B4-1200000,60000+0.15*(B4-1200000)))
B6  =(B1-B2-B3-B5)/12
```

`B2` पीएफ, `B5` आयकर, `B6` हातात येणारी सरासरी रक्कम. पीएफ 1,800 वर थांबत असेल तर `B2` मध्ये नुसते 21600 लिहा. बेसिक निम्मा नसेल तर 0.06 बदला, बेसिक 40 टक्के असेल तर 0.048 येईल. `B5` मधलं सूत्र करपात्र 16 लाखांपर्यंतच खरं आहे. मग `B1` चा आकडा कमीजास्त करत `B6` हवा तिथे आणायचा. हे आपोआप करणारी Goal Seek नावाची सोय असते, पण इथे जरा सांभाळून. समजा 99,400 हातात हवेत. उतारामुळे हा आकडा तीन वेगवेगळ्या ग्रॉसला येतो: एकदा 12,75,000 च्या आधी, एकदा उतारावर, एकदा चढावर. यंत्र तिन्हींपैकी कुठलंही उत्तर देऊन मोकळं होईल. सुरुवात लहान आकड्यापासून करा, आणि मिळालेल्या उत्तराच्या खाली 12,75,000 टाकून एकदा तुलना करा.

प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी विचारलं, "माझा मुलगा ऑक्टोबरात रुजू झाला, हातात ठरल्यापेक्षा जास्त येतंय. कंपनीची चूक का?" बहुतेक नाही. कंपनी दरमहा कर कापते तो वर्षभराच्या अंदाजित पगारावरचा, उरलेल्या महिन्यांत वाटून. मुलगा आधी कुठे नोकरीला नसेल, तर 1,13,308 महिना असला तरी सहा महिन्यांचा पगार पावणेसात लाखांच्या आसपास होतो, त्यावर कर नाही. म्हणून त्याला 1,06,300 येत असतील. एप्रिलपासून पूर्ण वर्ष धरलं जाईल आणि एक लाख येतील. तेव्हा त्याला वाटेल पगार कापला. आत्ताच सांगून ठेवा. आणि तो आधी दुसरीकडे नोकरीला असेल, तर जुन्या ठिकाणच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला दिलाय का ते विचारा. दिला नसेल तर दोन्ही कंपन्या आपापल्या परीने 75,000 ची वजावट आणि करमाफी धरून बसतात, आणि विवरणपत्र भरताना सगळा कर एकदम दारात उभा राहतो.

दुसरा प्रश्न एका बाईंचा होता, जुन्या प्रणालीचं काय? तिथे पीएफची वजावट 80क खाली, घरभाडं, व्यवसाय कर असं बरंच येतं, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा निघतो. रीत तीच, टप्पा धरा, सोडवा, तपासा. पण वजावटी किती आणि कुठल्या हे ठाम ठरल्याशिवाय ते समीकरण मांडू नका.

एक शेवटचं, जे त्या मुलीच्या बाबतीत मी जवळजवळ विसरलो होतो. कंपनीला फक्त पगार माहीत असतो. ज्याचा ग्रॉस 12,75,000 च्या अगदी काठावर आहे आणि ज्याला मुदत ठेवीचं 20,000 व्याज येतं, त्याच्या खात्यात दरमहा सगळं ठीक दिसेल. पण विवरणपत्रात करपात्र उत्पन्न 12,20,000 होईल, आणि कर 20,800. आलेलं व्याज गेलं, वर 800 खिशातून. तिचा ग्रॉस 12,48,375, म्हणजे काठापासून 26,625 दूर. मी विचारलं, "व्याज येतं का कुठून?" म्हणाली, "आईच्या नावावर आहे ठेव, माझ्या नाही." मग तिने त्या पर्यायापुढे खूण केली, सही केली आणि कागद पिशवीत टाकले.